खात्यातून पैसे गेले, पण यूपीआय व्यवहार 'पेंडिंग': पैसे नेमके कुठे थांबतात आणि काय तपासावे

सावदा आणि फैजपूर भागातील काही दुकानांचे हिशेब लिहिण्याचे काम मी करतो. यूपीआयचे अडकलेले व्यवहार त्यामुळे माझ्यापुढे दोन्ही बाजूंनी येतात. पैसे देणारा शेतकरी मोबाईल पुढे करून म्हणतो, "भाऊ, माझ्या खात्यातून तर गेले," आणि दुकानदार म्हणतो, "माझ्याकडे आलेच नाहीत." दोघेही खरे बोलत असतात. पैसे मधल्या कोणत्या टप्प्यावर थांबले हे कळले, की पुढे काय करायचे हेही बरेचसे ठरते. म्हणून आधी तो प्रवास नीट समजून घेऊ.

शनिवार, 6 सप्टेंबर 2025 रोजी एका कृषी केंद्रात घडलेला प्रसंग उदाहरणादाखल घेतो. मृगबागेला ठिबकमधून सोडायचे विद्राव्य खत आणि एक बुरशीनाशक मिळून 6,840 रुपयांचे बिल झाले. गिऱ्हाईक ओळखीचे, वयाने मोठे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. सकाळी 11:42 वाजता त्यांनी क्यूआर स्कॅन करून पिन टाकला. बँकेचा पैसे वजा झाल्याचा एसएमएस लगेच आला, पण ॲपवर पिवळे चिन्ह आणि `Pending` हा शब्द दिसत राहिला, आणि काउंटरवरचा साउंडबॉक्स काही बोलला नाही. आठ-दहा मिनिटे वाट पाहून आप्पांनी मुलाच्या मोबाईलवरून पुन्हा 6,840 रुपये भरले. ते लगेच जमा झाले. रविवारी सकाळी पहिले 6,840 रुपयेही दुकानाच्या खात्यात जमा झाले. हिशेब जुळवताना सारख्याच रकमेच्या दोन नोंदी दिसल्या आणि बिल मात्र एकच होते, म्हणून ही गोष्ट लक्षात आली. त्या दिवशी पाच-सहा गिऱ्हाइकांची बिले एकाच रकमेची असती, तर ती कदाचित निसटूनही गेली असती.

पिन टाकल्यानंतर काय घडते

यूपीआयची मध्यवर्ती यंत्रणा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय, चालवते. आपण पिन टाकतो तेव्हा मोबाईलमधील ॲप आपली विनंती एनपीसीआयकडे पोहोचवते. पैसे कोणत्या बँकेतील कोणत्या खात्यात जायचे आहेत हे एनपीसीआय आधी घेणाऱ्याच्या बाजूकडून निश्चित करून घेते. त्यानंतर दोन वेगळी कामे एकामागून एक होतात. आधी देणाऱ्याच्या बँकेला पैसे वजा करायला सांगितले जाते. तिचे 'वजा केले' असे उत्तर आल्यानंतरच घेणाऱ्याच्या बँकेला पैसे जमा करायला सांगितले जाते. या दुसऱ्या बँकेचे उत्तर आले, की व्यवहार पूर्ण झाल्याचा निरोप दोन्ही बाजूंच्या ॲपना जातो.

हे सगळे एरवी दोन-चार सेकंदांत उरकते, कारण प्रत्येक उत्तरासाठी मर्यादित वेळ ठरवून दिलेला असतो. जून 2025 पासून पैसे देण्याच्या विनंतीला उत्तर देण्याची मुदत 30 सेकंदांवरून 15 सेकंदांवर आणली गेली आहे. त्या वेळेत उत्तर आले नाही, की एनपीसीआयच्या दृष्टीने तो टप्पा निरुत्तर राहतो. पेंडिंग या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. कोणीतरी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठरलेल्या वेळात आलेले नाही.

आपल्याकडे एक समज फार पक्का आहे, की शेतात किंवा दुकानात रेंज गेल्यामुळे पैसे अडकले. ज्या क्षणी बँकेने पैसे वजा केले, त्या क्षणी आपली विनंती मोबाईलमधून निघून पुढे पोहोचलेली असते, आणि त्यानंतरची देवाणघेवाण बँका आणि एनपीसीआय यांच्यात होते. तिला आपल्या मोबाईलच्या रेंजची गरज नसते. रेंज नसेल तर फक्त शेवटचा निरोप आपल्या पडद्यावर उशिरा दिसतो. त्यामुळे एसएमएस आल्यानंतर मोबाईल उंच धरून फिरणे किंवा तो बंद करून चालू करणे याने पैशांच्या प्रवासात काहीही बदल होत नाही.

उत्तर तीन ठिकाणी हरवू शकते

पहिली शक्यता अशी, की देणाऱ्याच्या बँकेने पैसे वजा केले, पण 'वजा केले' हे तिचे उत्तर एनपीसीआयपर्यंत वेळेत पोहोचले नाही. अशा वेळी घेणाऱ्याच्या बँकेला पैसे जमा करण्याची सूचनाच दिली जात नाही, म्हणजे दुकानदाराकडे पैसे येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एनपीसीआय देणाऱ्याच्या बँकेला ते पैसे परत खात्यात टाकण्याचा संदेश पाठवते, आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत खात्यात उलट नोंद दिसते. तो परतीचा संदेशही हुकला, तर बँक आपल्या नोंदी एनपीसीआयच्या नोंदींशी जुळवते तेव्हा फरक उघड होतो आणि पैसे परत येतात.

दुसरी शक्यता सर्वांत त्रासदायक, आणि आप्पांच्या बाबतीत तीच घडली. पैसे वजा झाले, त्याचे उत्तर आले, घेणाऱ्याच्या बँकेला जमा करण्याची सूचना गेली, पण तिचे उत्तर आले नाही. आता तिने पैसे जमा केले आणि फक्त उत्तर हरवले, की जमाच केले नाहीत, हे एनपीसीआयला त्या क्षणी कळत नाही. अशा वेळी पैसे लगेच देणाऱ्याला परत दिले आणि ते तिकडेही जमा झालेले निघाले, तर तेच पैसे दोघांना मिळतील. म्हणून यंत्रणा ते परत देत नाही. असा व्यवहार मंजूर झाल्याचे गृहीत धरले जाते, बँकांच्या कामकाजात त्याला 'डीम्ड' म्हणतात. बँकांमधील हिशेबात ती रक्कम घेणाऱ्याच्या बँकेकडे जाते, आणि नंतर ती बँक आपली खाती तपासून एक तर पैसे जमा करते किंवा परत पाठवते.

आपल्या शाखेत गेल्यावर काउंटरवरचा कर्मचारी म्हणतो, "आमच्याकडून व्यवहार यशस्वी आहे." ऐकणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते. दुसऱ्या प्रकारात मात्र ते अक्षरशः खरे असते, कारण पैसे त्या बँकेकडे आता नसतात. ते घेणाऱ्याच्या बँकेकडे गेलेले असतात आणि निर्णयही तिनेच करायचा असतो. रिझर्व्ह बँकेचा नियमदेखील पैसे परत करण्याची जबाबदारी घेणाऱ्याच्या बँकेवर टाकतो, त्याचे कारण हेच आहे.

तिसऱ्या प्रकारात पैसे जमा झालेले असतात, त्याचे उत्तरही मिळालेले असते, आणि फक्त देणाऱ्याच्या ॲपपर्यंत शेवटचा निरोप पोहोचलेला नसतो. दुकानदाराला पैसे मिळालेले असतात आणि आपला पडदा मात्र पेंडिंग दाखवत राहतो.

आपल्या भागात आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. अनेकांची खाती सहकारी बँकांत असतात, आणि अशा काही बँका यूपीआयशी थेट जोडलेल्या नसून एखाद्या मोठ्या बँकेमार्फत जोडलेल्या असतात. तिथे निरोपाला आणखी एक मुक्काम करावा लागतो आणि उत्तर हरवण्याची एक जागा वाढते.

पहिल्या अर्ध्या तासात काय करावे

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच बिलासाठी लगेच दुसऱ्यांदा यूपीआय करू नये. पेंडिंग व्यवहार रद्द करण्याची सोय यूपीआयमध्ये नाही, त्यामुळे दुसरा व्यवहार केला तर पहिला थांबतो, हा समज चुकीचा आहे. दोन्ही स्वतंत्रपणे पुढे जातात. माल घेणे अगदीच आवश्यक असेल आणि दुकानदार थांबायला तयार नसेल, तर पैसे रोख द्यावेत किंवा यूपीआयनेच द्यावेत, पण त्याआधी पहिल्या व्यवहाराचा क्रमांक बिलाच्या मागे लिहून त्यावर दुकानदाराची सही घ्यावी. 'हे पैसे नंतर आले तर परत करीन' असे एक वाक्य तिथे लिहिले, की पुढचा वाद उरत नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला माझे दुकानदार एक दिवसाची उधारी देतात, आणि मला तोच सर्वांत सोपा मार्ग वाटतो.

त्यानंतर ॲपमधील व्यवहारांच्या यादीतून हा व्यवहार उघडावा. तिथे सहसा दोन-तीन वेगवेगळे क्रमांक दिसतात आणि लोक नेमका चुकीचा लिहून आणतात. ॲपने स्वतःच्या सोयीसाठी दिलेला क्रमांक बँकेच्या फारसा उपयोगाचा नसतो. अक्षरे आणि आकडे मिसळलेला एक लांबलचक क्रमांक असतो, तो यूपीआय व्यवहाराचा ओळख क्रमांक होय. आपल्याला मुख्यतः हवा असतो तो 12 आकडी क्रमांक. ॲपवर तो `UTR` किंवा `UPI Ref No.` या नावाने दिसतो. देणाऱ्याची बँक, एनपीसीआय आणि घेणाऱ्याची बँक या तिघांनाही हा व्यवहार त्याच क्रमांकाने सापडतो. पडद्याचा फोटो घ्यावा, पण क्रमांक हातानेही लिहून ठेवावा, कारण फोटोत शेवटचे दोन आकडे कापले गेल्याचे मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

मग खात्याचे विवरण पाहावे. एसएमएसवर विसंबून राहू नये. पैसे वजा झाल्याचा एसएमएस येतो, परत आल्याचा मात्र कधीकधी येत नाही, आणि माणूस पैसे खात्यात परत आलेले असतानाही तक्रार करत फिरतो. बँकेच्या ॲपमध्ये किंवा छापील पासबुकात अनेक बँका यूपीआयची नोंद साधारण अशी दाखवतात:

```
UPI/DR/<12 आकडी क्रमांक>/<घेणाऱ्याचे नाव>
```

`DR` म्हणजे वजा. त्याच 12 आकडी क्रमांकाची जमा नोंद, बहुधा `CR` किंवा `REV` अशा खुणेसह, खाली दिसली तर पैसे परत आले आणि विषय संपला. त्यानंतर दुकानदाराला निर्धास्तपणे पुन्हा पैसे देता येतात. ॲप अजूनही पेंडिंग दाखवत असले, तरी खात्याचे विवरण खरे मानावे.

ॲपवर पडदा खाली ओढून सतत ताजी स्थिती पाहत राहण्याचाही उपयोग नसतो. ऑगस्ट 2025 पासून ॲपला एका पेंडिंग व्यवहाराची स्थिती फक्त तीन वेळा विचारता येते आणि दोन विचारण्यांत किमान 90 सेकंदांचे अंतर ठेवावे लागते. मर्यादा संपल्यावर पडदा कितीही वेळा ओढला, तरी तेच जुने उत्तर समोर येते. दोन मिनिटांनी एकदा, अर्ध्या तासाने एकदा आणि संध्याकाळी एकदा पाहिले, तरी ते पुरेसे आहे.

दुकानदाराने कुठे पाहावे

साउंडबॉक्स न बोलणे म्हणजे पैसे न येणे असा अर्थ दुकानदार लावतात. साउंडबॉक्स ही फक्त निरोप वाचणारी पेटी आहे. तिच्यात स्वतःचे सिमकार्ड असते, आणि तिचे नेटवर्क गेले किंवा चार्जिंग उतरले, तर पैसे जमा होऊनही ती गप्प राहते. आप्पांच्या व्यवहारात ती गप्प राहणे योग्यच होते, कारण तेव्हा पैसे खरोखर जमा झालेले नव्हते. पण त्याच महिन्यात दुसऱ्या एका दुकानात सकाळपासून गप्प असलेल्या पेटीमुळे जमा झालेल्या पैशांवरून गिऱ्हाइकाशी वाद झाला होता.

पैसे शोधायची जागा क्यूआर कोणाचा आहे त्यावर ठरते. क्यूआर बँकेनेच दिलेला असून थेट चालू खात्याशी जोडलेला असेल, तर खात्याच्या विवरणात प्रत्येक व्यवहार त्याच्या 12 आकडी क्रमांकासह दिसतो. क्यूआर एखाद्या पेमेंट कंपनीचा असेल, तर गिऱ्हाइकाचे पैसे आधी तिच्या बँकेतील खात्यात जातात आणि नंतर दिवसभराची रक्कम एकत्र करून दुकानदाराच्या खात्यात येते. तिथे पासबुकात 6,840 शोधून काही सापडणार नाही, कारण नोंद 43,215 अशा एकत्रित रकमेची असते. त्या दुकानदाराने कंपनीच्या व्यापारी ॲपमधील व्यवहारांची यादी उघडून त्यात 12 आकडी क्रमांक शोधावा. दुकानात दोन-तीन क्यूआर लावलेले असतील, तर गिऱ्हाइकाच्या ॲपवर दिसणारा घेणाऱ्याचा यूपीआय आयडी पाहून नेमका कोणता क्यूआर स्कॅन झाला ते आधी ठरवावे. अर्धे वाद इथेच मिटतात.

मी माझ्या दुकानदारांना काउंटरवर एक साधी वही ठेवायला सांगितली आहे. अडकलेल्या व्यवहाराची वेळ, रक्कम, 12 आकडी क्रमांक, गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर आणि पैसे नंतर दुसऱ्या मार्गाने दिले का, एवढेच त्यात लिहायचे. आप्पांची नोंद त्या वहीत होती, म्हणून रविवारी आलेले 6,840 रुपये त्यांचेच हे पाच मिनिटांत कळले आणि सोमवारी ते त्यांच्या मुलाच्या खात्यावर परत गेले, कारण दुसऱ्यांदा पैसे मुलाच्या मोबाईलवरून भरले होते.

किती दिवस थांबावे आणि भरपाई केव्हा मिळते

रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 रोजी काढलेल्या परिपत्रकात अशा व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या आहेत. एका व्यक्तीने दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवले, ते वजा झाले पण समोर जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले पैसे वजा झाले पण त्याला व्यवहाराची खात्री मिळाली नाही, तर ही मुदत पाच दिवसांची असते. मुदत उलटल्यावर बँकेने प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई ग्राहकाच्या खात्यात जमा करायची असते, आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. दिवस कॅलेंडरप्रमाणे मोजायचे असल्याने रविवार किंवा सणाची सुट्टी वगळली जात नाही.

समजा, चोपड्याहून एकाने 6 सप्टेंबरला धुळ्यातील बहिणीच्या खात्यात 3,000 रुपये पाठवले आणि ते अडकले. मुदत 7 सप्टेंबरला संपते. पैसे 10 सप्टेंबरला परत आले, तर तीन दिवसांचा उशीर झाला आणि 300 रुपये भरपाई देय झाली. तेच पैसे दुकानाच्या क्यूआरवर दिलेले असते, तर मुदत 11 सप्टेंबरपर्यंत असती आणि 10 तारखेला परत आल्यावर भरपाईचा प्रश्नच आला नसता. काही छोटे दुकानदार क्यूआर न लावता आपला मोबाईल नंबर देतात. तो त्यांच्या बचत खात्याशी जोडलेला असतो आणि तो व्यवहार सहसा व्यक्ती ते व्यक्ती असाच नोंदला जातो, हेही मुदत मोजताना ध्यानात घ्यावे.

तक्रार कोणत्या क्रमाने करावी

पहिली तक्रार ज्या ॲपवरून पैसे दिले त्यातच नोंदवावी. व्यवहारांच्या यादीत तो व्यवहार उघडला, की खाली मदत किंवा तक्रारीचा पर्याय दिसतो, बहुतेक ॲपवर तो `Help` किंवा `Raise dispute` असा असतो. तिथून नोंदवलेली तक्रार 12 आकडी क्रमांकासह संबंधित बँकांपर्यंत जाते, त्यामुळे फोनवर तोंडी सांगण्यापेक्षा तिचा उपयोग अधिक होतो. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. मुदत संपायच्या आधी तक्रार केली तर ॲप सहसा थांबायला सांगते, आणि ते योग्यच आहे.

मुदत उलटूनही पैसे जमा झाले नाहीत आणि परतही आले नाहीत, तर आपल्या बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्ज लांबवू नये. पुढचा मजकूर पुरेसा आहे:

"माझ्या खाते क्रमांक ____ मधून दिनांक ____ रोजी ____ वाजता यूपीआयद्वारे रुपये ____ वजा झाले आहेत. व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक ____ असून घेणाऱ्याचा यूपीआय आयडी ____ आहे. रक्कम घेणाऱ्यास मिळालेली नाही आणि माझ्या खात्यात परतही आलेली नाही. घेणाऱ्याच्या बँकेने रक्कम जमा केली की परत केली याची लेखी माहिती द्यावी, आणि रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार देय भरपाई जमा करावी."

यातील 'जमा केली की परत केली' हा भाग वगळू नये. नुसते 'पैसे मिळाले नाहीत' असे लिहिले, तर 'आमच्याकडून व्यवहार यशस्वी' हे उत्तर पुन्हा मिळण्याची शक्यता असते. घेणाऱ्याच्या बँकेची स्थिती विचारली, की आपल्या बँकेला तिच्याकडे चौकशी करावीच लागते. घेणाऱ्यानेही त्याच 12 आकडी क्रमांकासह आपल्या बँकेत एक अर्ज दिला, तर शोध दोन्ही टोकांनी सुरू होतो आणि निकाल लवकर लागतो.

या काळात इंटरनेटवर ग्राहक सेवेचा नंबर शोधून फोन करू नये. अशा खोट्या नंबरांवर बसलेली माणसे पैसे परत देण्याच्या नावाखाली मोबाईलचा पडदा दाखवणारे ॲप टाकायला सांगतात किंवा पिन टाकायला लावतात. परत येणाऱ्या पैशांसाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी तसे करून पैसे काढून घेतलेच, तर लगेच 1930 वर कळवावे.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तक्रार फेटाळली किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. तिथे बँकेला दिलेल्या अर्जाची पोच, ॲपमधील तक्रारीचा क्रमांक आणि व्यवहाराच्या दिवसापासूनचे खात्याचे विवरण जोडावे. विवरण अर्जाच्या दिवसापर्यंतचे असावे, म्हणजे मधल्या काळात त्या 12 आकडी क्रमांकाची जमा नोंद झालेली नाही, हे तपासणाऱ्याला एका नजरेत दिसते.